पुंडलिकाच्या शॉर्टसाठी ३० सेकंदांची सुरुवात लिहिताना : ८ जून ते ६ जुलै २०२५ च्या नोंदी

८ जून, रविवार

आमच्या भजनी मंडळाचं छोटंसं यूट्यूब चॅनल आहे, मी हडपसरला राहतो, दिवसा दुकान आणि रात्री मंडळाचं एडिटिंग असं चालतं. आषाढी ६ जुलैला आहे, त्याआधी एक शॉर्ट टाकायचीय. मसाला तयार आहे, महाराजांच्या मागच्या कीर्तनातला ३८ सेकंदांचा तुकडा, तुकोबांचा 'कां रे पुंड्या मातलासी, उभें केलें विठ्ठलासी' हा अभंग आणि त्यातला तो चरण, 'युगें झालीं अठ्ठावीस, अजुनी न म्हणसी बैस'. तिथे महाराज असे काही थांबतात की मंडपात बायका डोळ्याला पदर लावतात. पण हा तुकडा नुसता टाकला की लोक दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला वर सरकवतात, मागच्या वर्षी तेच झालं. मंडपातल्या माणसानं दीड तास ऐकून तिथपर्यंत मजल मारलेली असते, फोनवरचा माणूस आत्ता कुणाचा तरी डान्स बघून आलेला असतो. म्हणून आधी ३० सेकंदांची सुरुवात जोडायची, आणि तीही प्रश्नाने.

पहिला खर्डा आज लिहिला. "जय हरी माऊली, स्वागत आहे आपलं आपल्या लाडक्या चॅनलवर, आषाढी वारीच्या निमित्ताने आज आपण जाणून घेणार आहोत की विठ्ठल विटेवर का उभा आहे? काय आहे यामागची कथा? चला तर मग." आणि पुढे अख्खी पुंडलिकाची गोष्ट, काशीयात्रा, कुक्कुट ऋषींचा आश्रम, सगळं. लिहिताना मस्त वाटलं.

९ जून

फोनवर स्टॉपवॉच लावून वाचलं. ५८ सेकंद! नुसती ३० सेकंदांची सुरुवातच ५८ सेकंद. शब्द मोजले तर १३४ भरले. गावाकडच्या आजोबांनाही कळेल अशा सावकाश मराठीत मी सेकंदाला सव्वादोन ते अडीच शब्द बोलतो, त्यात मध्ये श्वास आणि थांबे. म्हणजे ३० सेकंदांत ६५ शब्द, फार तर ७०. हे आधी मोजलं असतं तर कालची संध्याकाळ वाचली असती. आता वहीत आधी ६५ चौकोन आखतो आणि एका चौकोनात एक शब्द लिहितो, पोरकट आहे पण काम करतं.

'जय हरी माऊली' ते 'चॅनलवर' यातच पाच सेकंद जातात. ते उडवताना जीव खाली-वर झाला, कारण देवाचं नाव न घेता सुरू कसं करायचं. मग ठरवलं की नाव शेवटी महाराजांच्या तोंडून येतंच आहे. आधी टाळ-मृदंगाचे दोन सेकंद टाकायचो तेही काढले.

११ जून

गोष्ट कापून ६८ शब्दांवर आणली, प्रश्न तोच ठेवला, "विठ्ठल विटेवर का उभा आहे माहितीये?" आणि चाचणी म्हणून टाकून दिली.

१३ जून

यूट्यूब स्टुडिओमध्ये "Viewed vs. swiped away" बघितलं. शंभरातले ४३ थांबले, ५७ सरकले. आलेख दुसऱ्या सेकंदाला कड्यावरून पडल्यासारखा. व्ह्यूजचा आकडा मात्र गोंडस दिसत होता, त्याच्यावर जाऊ नका, ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसती चालू झाली तरी ती व्ह्यू धरली जाते, थांबला-न थांबला वेगळंच बघावं लागतं.

दुकानात शेजारच्या काकूंना हाच प्रश्न तोंडी विचारला. त्या म्हणाल्या, "हो, पुंडलिकानं वीट फेकली म्हणून. का रे?" संपलं. ज्याला उत्तर माहितीये तो निघून गेला, ज्याला माहिती नाही त्याला मुळात पडलेलं नाही. हा शाळेतल्या बाईंचा प्रश्न आहे. पंढरपूरबद्दल आहे, ऐकणाऱ्याबद्दल त्यात काहीच नाही.

१५ जून

दुसरी पद्धत, थेट माणसावर. "आई-वडिलांना शेवटचा फोन कधी केलात?" आणि मागे एक काळा सेकंद. पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता, म्हणजे विषयाला धरून. रात्री ९ ला टाकला.

१६ जून

सकाळी बघितलं तर शंभरातले ५८ थांबलेत, मी खूश. मग कमेंट उघडल्या. एकानं लिहिलं होतं, "आईला जाऊन तीन वर्षं झाली. फोन कुठं करू सांगा." त्याच्याखाली आणखी दोघांनी तसंच लिहिलेलं. एका बाईंनी लिहिलं की सासू-सासऱ्यांचं अंथरुणातलं सगळं मी करते आणि तुम्ही मला विचारताय.

व्हिडिओ काढून टाकला. ५८ चा आकडा चांगला होता, पण ती माणसं आरोपीसारखी थांबली होती. आलेखात पण तसंच दिसत होतं, सहाव्या-सातव्या सेकंदापर्यंत रेषा सपाट आणि 'पुंडलिक' शब्द आला की घसरण, कारण टोचून घेतल्यावर लगेच प्रवचन ऐकायचा मूड कुणाला असतो.

संध्याकाळी महाराजांकडे गेलो. मी विचारलं, बाकीचे लोक टाकतात तसं 'हा व्हिडिओ सोडून गेलात तर' असलं काही टाकू का. ते म्हणाले, "घाबरवून नमस्कार घालून घेऊ नकोस रे. आणि लाजवूनही नको. कीर्तनात मी पहिल्यांदा लोकांना हसवतो ते काय उगीच?" फोनच्या प्रश्नावर म्हणाले, "तू त्यांना जमाखर्च विचारलास. सवय विचार. सवयीवर माणूस हसतो."

हे वाक्य वहीत वरच लिहून ठेवलंय.

१८ जून

आज देहूहून तुकोबांची पालखी निघाली, उद्या आळंदीहून माऊलींची. म्हणजे माझ्याकडे अडीच आठवडे.

सवय, सवय करत दिवसभर डोकं चाललं. महाराजांचा तुकडा वीसेक वेळा ऐकला. 'उभें केलें'... 'अजुनी न म्हणसी बैस'... म्हणजे या अभंगातला मुद्दा वीट नाहीच, देवाला ताटकळत ठेवलंय हा आहे. एकदा थांब म्हटलं आणि मग बस म्हणायचंच राहून गेलं. आणि आपण रोज कुणाला थांबवतो? आईला. आतून हाक येते, आपण फोनमध्ये, आणि तोंडातून आपोआप 'थांब गं' निघतं. पुंडलिकानं तेच केलं, फक्त उलटं, आई-वडिलांसाठी देवाला थांबवलं.

तो एक शब्द सापडल्यावर बाकीचं अर्ध्या तासात झालं. पहिला प्रश्न असा लिहिला : "आईनं हाक मारली की तुम्ही पहिल्यांदा काय म्हणता?"

मग तो १६ तारखेचा माणूस आठवला. 'म्हणता' म्हटलं की ज्याची आई नाही तो पुन्हा बाहेर. थोडा बदल केला, "तोंडून पहिला शब्द कुठला निघायचा?" हे 'निघायचा' लहानपणात घेऊन जातं, तिथे सगळ्यांची आई स्वयंपाकघरात असते. ज्यांची आई आत्ता शेजारच्या खोलीत आहे त्यांनाही काही खटकत नाही. गंमत म्हणजे 'निघायचा' हे शब्दाला लागतं, माणसाला नाही, त्यामुळे पुरुष-बाई हा घोळही नाही.

२२ जून, रविवार

दोन्ही पालख्या आज हडपसरवरून गेल्या, माऊलींची दिवेघाटाकडे सासवडला आणि तुकोबांची लोणी काळभोरला. मंडळाचा चहाचा स्टॉल होता, मी किटली धरून प्रश्न तपासून घेतला. पद्धत साधी. काही प्रस्तावना नाही, कप हातात दिला की एकदम विचारायचं आणि गप्प बसायचं. माणूस आधी हसला किंवा मी पुढं बोलायच्या आत त्याच्या तोंडून उत्तर आलं, तर प्रश्न लागला. "म्हणजे?" असं आलं तर प्रश्न फेल. "कशासाठी विचारताय?" आलं तरी फेल.

१४ जणांना विचारलं, ११ जणांनी पटकन उत्तर दिलं, त्यातले बरेचसे हसत. जालन्याकडच्या एका काकांनी उत्तर न देता शेजारच्या दिंडीवाल्याला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "याला इचारा, याची माय हाका मारून मारून थकायची." घरी बसून सुचलं नसतं असं एक कळलं, की प्रश्न ऐकल्यावर माणसाला स्वतःचं उत्तर द्यायला साधारण एक-दीड सेकंद लागतो, डोळे वर जातात, मग ओठ हलतात. त्या दीड सेकंदात मी बोललो तर त्याचं उत्तर मेलं.

उत्तरं मात्र एक नव्हती. मी धरून चाललो होतो की सगळे 'थांब' म्हणतील. आली ती अशी : थांब गं, पाच मिनिटं, आलो आलो, काय आहे, हे एवढं होऊ दे. एका बाई म्हणाल्या, "मी ऐकूच आलं नाही असं करायचे."

तिघं फेल गेले त्याचं कारण माझंच, गर्दीत 'हाक मारली' एवढंच ऐकू गेलं, कुठून ते कळलं नाही. म्हणून 'आतून हाक मारली' केलं. 'आतून' म्हटलं की घर उभं राहतं, एका शब्दात.

२४ जून

उत्तरं स्क्रिप्टमध्ये घालायला बसलो. आधी लिहिलं : "'थांब गं.' 'आलो आलो.' 'हे झालं की येतो.'" बहिणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "हे सगळे मुलगेच आहेत. मी आले म्हणायचे." बरोबर आहे! इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा त्रास नाही, आपल्या क्रियापदाला लगेच मिशी फुटते. आणि चॅनलवर कमेंट करणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका आहेत. 'आलो/आले' असं बोलून दाखवता येत नाही, म्हणून ती दोन्ही काढली. राहिली : थांब गं, पाच मिनिटं, हे एवढं होऊ दे. तिन्ही कुणीही म्हणेल अशी.

२६ जून

पूर्ण स्क्रिप्ट महाराजांना दाखवली. तीन चुका निघाल्या, तिन्ही माझ्या.

मी लिहिलं होतं, "पुंडलिक देवाला म्हणाला, 'थांब, पाच मिनिटं.'" महाराज म्हणाले, कुठे म्हणाला? विनोद म्हणून ठीक आहे, पण लोक उद्या तेच पुंडलिकाचं वाक्य म्हणून सांगतील. अवतरणातून काढ, 'थांबायला सांगितलं' एवढंच ठेव. दुसरं, मी 'हजारो वर्षांपूर्वी पंढरपुरात' असं ठोकलं होतं. ते म्हणाले, विठोबा उभा राहिला म्हणून पंढरपूर झालं, आधी कुठलं? चंद्रभागेकाठी म्हण. आणि काळ सांगूच नकोस, अठ्ठावीस युगं अभंगात येतातच, त्याच्या आधी तू आकडा टाकलास तर माझा चरण बोथट होतो. हे मला फार पटलं, सुरुवातीनं पुढच्याचा घास खायचा नाही.

तिसरं म्हणजे मी 'पुंडलिक' हे नाव आठव्या सेकंदाला घेत होतो. त्यांनी नुसतं विचारलं, "नाव का सांगतोस? नाव ऐकलं की गोष्ट माहितीये म्हणून जाईल ना तो." तर नाव काढून 'एक मुलगा' केलं. नाव तुकोबाच घेतात, 'पुंड्या' म्हणून.

एक गोष्ट मात्र चुकून बरोबर निघाली. मी 'मागं न बघता' लिहिलं होतं, महाराज म्हणाले अभंगातच आहे, 'मागें भिरकाविली वीट'. मी शहाण्यासारखी मान हलवली.

शेवटचा पाठ, ६५ शब्द :

```
०–५    आईनं आतून हाक मारली, की तुमच्या तोंडून
       पहिला शब्द कुठला निघायचा?
५–६.५  (शांतता. संगीत नाही. अक्षरं नाहीत.)
६.५–१२ 'थांब गं.' 'पाच मिनिटं.' 'हे एवढं होऊ दे.'
       आपण सगळ्यांनीच आईला थांबवलंय.
१२–१९  चंद्रभागेकाठी एक मुलगा असाच कामात होता.
       दारात हाक आली. त्यानंही मागं न बघता
       थांबायलाच सांगितलं.
१९–२५  पण हाक आईची नव्हती. आई-वडिलांचे पाय तर
       त्याच्या हातात होते. दारात देव उभा होता.
२५–३०  बसायला पाट नाही, उभं राहायला एक वीट.
       आणि तुकोबा त्या मुलालाच जाब विचारतात...
३०     (महाराज) कां रे पुंड्या मातलासी
```

'आपण सगळ्यांनीच' हे मुद्दाम. आधी 'तुम्ही आईला थांबवलंत' होतं, म्हणजे परत फोनवाल्या प्रश्नासारखंच बोट दाखवणं. प्रश्नात 'तुमच्या', कबुलीत 'आपण'.

२८ जून

आवाज. एका ओळखीच्या ओळखीतून व्हॉइस आर्टिस्टकडून १,२०० रुपये देऊन रेकॉर्ड करून घेतलं होतं, आज फाइल आली. आवाज खणखणीत, पण 'थांब गं' असं म्हणतोय जणू काही सिनेमाचा ट्रेलर. परत करून मागायचं तर आणखी पैसे. ते १,२०० गेले असं धरून मीच बोललो, ८५० रुपयांचा कॉलर माइक, रात्री साडेअकराला, पंखा बंद, गादी भिंतीला टेकवून. अकरा टेक झाले. सातवा घेतला, त्यात 'हे एवढं होऊ दे' म्हणताना मी खरंच वैतागलेला होतो कारण खाली कुत्री भुंकत होती.

२९ जून

मावसभावाला एडिटला दिलं. त्यानं परत पाठवलं ते २७ सेकंदांचं! त्याचा नियम आहे की शॉर्टमध्ये एकही रिकामा क्षण ठेवायचा नाही, म्हणून सगळे श्वास आणि थांबे त्यानं कापून टाकले, माझी दीड सेकंदाची शांतता पण. ऐकलं तर प्रश्न आणि 'थांब गं' एकमेकांना चिकटलेले, म्हणजे मीच विचारतोय आणि मीच सांगतोय, बघणाऱ्याला जागाच नाही. फोनवर अर्धा तास वाद. त्याचं म्हणणंही खोटं नव्हतं, सातव्या-आठव्या सेकंदानंतरचे बरेच थांबे खरंच आळशी होते, ते कापलेलेच ठेवले. प्रश्नानंतरचा दीड सेकंद आणि 'हाक आईची नव्हती'च्या आधीचा अर्धा सेकंद परत घातला. एकूण २९ सेकंद झाले.

आणखी एक, त्यानं खालच्या अक्षरांत प्रश्न चालू असतानाच 'थांब गं' ही ओळ आणून ठेवली होती, म्हणजे आवाजाच्या आधी डोळ्यानं उत्तर वाचून झालं. आता अक्षरं आवाजाबरोबर किंवा किंचित मागे. आणि ती पडद्याच्या मधून थोडी वर, कारण अगदी खाली ठेवली की चॅनलचं नाव आणि शीर्षक त्यांच्यावर बसतं, उजव्या कडेला लाइकची बटणं बसतात.

चित्राचं काय करायचं हा प्रश्न होताच. विठ्ठलाचा फोटो पहिल्या फ्रेमला ठेवला की ही देवाची शॉर्ट आहे हे कळतं आणि प्रश्न ऐकायच्या आधीच माणूस ठरवून मोकळा होतो. म्हणून पहिल्या १९ सेकंदांत आमच्याच स्वयंपाकघराचं अर्धवट उघडं दार, आतून उजेड, कुकरची शिट्टी दबक्या आवाजात. आईला दारात उभी रहा म्हटलं तर ती नवी साडी नेसून आली, तिची समजूत काढण्यात एक तास गेला. शेवटी दारच ठेवलं.

१ जुलै

रात्री ८ ला टाकली. एकूण लांबी ६७ सेकंद. शीर्षकात प्रश्न परत लिहिला नाही, 'तुकोबा पुंडलिकाला विचारतात' एवढंच. खरं तर ते पण नाव सांगतंच, पण नाव कुठेच नसलं तर शोधणाऱ्याला ती सापडणार कशी, म्हणून तडजोड.

६ जुलै, आषाढी एकादशी

पाच दिवसांचा हिशोब. शंभरातले ६९ थांबले. ४३ वरून ६९ हे सगळं प्रश्नामुळे असं मी म्हणणार नाही, कारण आषाढीच्या आठवड्यात विठ्ठलाचं काहीही जास्त बघितलं जातं, आणि पहिली चाचणी जूनच्या मध्याला होती. खरी तुलना करायची तर दोन्ही एकाच आठवड्यात टाकायला हवे होते, ते सुचलं नाही.

आलेखात प्रश्नानंतरच्या शांततेत रेषा पडलेली नाही, मावसभावाला स्क्रीनशॉट पाठवलाय. पण १२ व्या ते १५ व्या सेकंदाला एक स्पष्ट खड्डा आहे. 'आपण सगळ्यांनीच आईला थांबवलंय' झालं की काही लोकांना वाटतं विषय संपला, आईवरची शॉर्ट होती, आणि जातात. 'चंद्रभागेकाठी एक मुलगा' हे वाक्य गोष्ट नव्यानं सुरू करतं, जोडत नाही. तिथे 'एका मुलानं मात्र देवाला थांबवलं' असं आधीच फोडलं तर खड्डा भरेल, पण मग १९ व्या सेकंदाची 'हाक आईची नव्हती' ही कलाटणी जाते. अजून सुटलेलं नाही. कदाचित 'आपण सगळ्यांनीच' ही ओळच काढून थेट 'चंद्रभागेकाठी'वर उडी मारावी, चार शब्द वाचतील. कार्तिकीला करून बघतो.

कमेंटमध्ये यावेळी लोक आपापला शब्द लिहितायत. 'ओ', 'काय गं ए', 'आईऽऽ ऐकलं', 'जेवायला असेल तर येते नाहीतर नाही'. बेळगावकडच्या एकानं कानडीत लिहिलंय, ते मी शेजारच्या दुकानदाराला वाचायला देणारे. १६ तारखेला ज्यांनी 'फोन कुठं करू' लिहिलं होतं त्यांचंच नाव परत दिसलं. लिहिलंय, "मी म्हणायचो, आधी सांग काय केलंयस."

एकूण खर्च २,०५० रुपये, त्यातले १,२०० पाण्यात. वेळ अंदाजे ३१ तास, त्यातले निम्मे पहिल्या आठ दिवसांत चुकीच्या प्रश्नावर गेले. ६५ चौकोनांची ती वही पुढच्या वेळी कुणाला हवी असेल तर मंडळात ठेवलीय, टाळांच्या पेटीत.